डोंबिवलीचा फ्लॅट, ओपन हाउस आणि नावनोंदणीच्या चिठ्ठ्या: कामाच्या नोंदी

शनिवार, ३ जानेवारी २०२६

आत्याचा डोंबिवली पूर्वेचा फ्लॅट विकायचा आहे. टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट आहे, इमारत १९९६ ची. आत्या आता नाशिकला मुलाकडे असते. तिने मला फक्त दाखवायचं काम दिलंय. भाव ठरवणं आणि सह्या तिच्याच.

डिसेंबरभर एकेकाला वेळ देऊन दाखवलं. ठाण्याहून नऊ फेऱ्या झाल्या आणि त्यातल्या चार वेळा माणूस आलाच नाही. "निघालोय" म्हणून सांगतात आणि मग फोन उचलत नाहीत. म्हणून ठरवलं की एक दिवस तीन तास दार उघडं ठेवायचं, ज्याला यायचं त्याने यावं. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना विचारलं. त्यांची अट एवढीच, की गेटवरच्या वहीत प्रत्येकाची नोंद झाली पाहिजे आणि गाड्या बाहेर लावायच्या.

मावसभाऊ इस्टेट एजंट आहे. त्याने जाहिरात लिहून दिली, फोटो काढले, पैसे घेतले नाहीत. जाता जाता एवढंच म्हणाला, "आलेल्यांची लिस्ट मला दे." मी बरं म्हणालो. पुढचा निम्मा घोळ त्या "बरं"मधून निघालाय.

शनिवार, १० जानेवारी

साठ रुपयांची लांब वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. नाव, मोबाइल, ईमेल, राहण्याचं ठिकाण, व्यवसाय, बजेट, कर्ज की रोख, किती दिवसांत घ्यायचंय, जाहिरात कुठे पाहिली, शेरा, सही. अकरा झाले. ऑफिसात फॉर्म बनवायची सवय, दुसरं काय. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं: "सही करणाऱ्यास मालमत्तेविषयी संपर्क करण्यास संमती आहे असे समजले जाईल." हे वाक्य लिहून मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

कसं भरायचं ते कळावं म्हणून पहिल्या ओळीत नमुना म्हणून बायकोचं नाव आणि तिच्या दुसऱ्या सिमचा नंबर घातला. हे सिम फक्त गॅस बुकिंगला वापरतो. त्याचा उपयोग दोन दिवसांनी भलत्याच कामी झाला.

रविवार, ११ जानेवारी. पहिलं ओपन हाउस, ११ ते २

वेळ चुकली. रविवारी ११ नंतर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. मुलुंड-भांडुपकडून येणारे तीन जण "गाड्या नाहीत" म्हणून आलेच नाहीत. त्यात १५ तारखेला महापालिकेचं मतदान, त्यामुळे गल्लीत प्रचाराची मिरवणूक आणि भोंगा. एक आजी दारातली वही बघून म्हणाल्या, "मी कुणाच्या पक्षात नाव लिहिणार नाही हं." त्यांना आत नेऊन स्वयंपाकघर दाखवलं तेव्हा त्या हसायला लागल्या.

तरी सतरा कुटुंबं आली. वही दारातच स्टुलावर होती, म्हणजे आत यायच्या आधी भरायची. एकच पेन. जिन्यापर्यंत रांग लागली. घर बघायच्या आधीच लोक वैतागलेले.

बजेटच्या रकान्यात पहिल्याने "६०–६५" लिहिलं. त्याच्या खालच्याने दोन टिंबांची 'वरीलप्रमाणे'ची खूण केली. त्याच्या खालच्यानेही तीच. सतरापैकी बारा जणांचं बजेट असं वरून ओघळत आलेलं होतं. व्यवसायाचा रकाना बहुतेकांनी सोडला. ईमेल दोघांनी दिला. खालचं बारीक वाक्य कुणी वाचल्याचं दिसलं नाही. एकाने विचारलं, "सही कशाला?" मी म्हणालो, "अशीच, नोंद म्हणून." म्हणजे मीच खोटं बोललो.

रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांची ब्रॉडकास्ट लिस्ट केली आणि एकच मेसेज पाठवला: भेटीबद्दल आभार, काही शंका असल्यास फोन करा. तासाभराने मेसेजची माहिती उघडून पाहिली तर फक्त दोघांना पोचलेला. ब्रॉडकास्ट मेसेज ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच जातो, बाकीच्यांना जातच नाही, आणि आपल्याला कुणी तसं सांगतही नाही. आपण पाठवला म्हणून निवांत झोपतो. हे आठवणीने तपासा.

मग एकेकाला पाठवायला बसलो तर दोन नंबर चुकीचे निघाले. एका आजोबांनी अर्धा नंबर मराठी आकड्यांत आणि अर्धा इंग्रजीत लिहिला होता. त्यांचा मराठी एक मी इंग्रजी नऊ म्हणून वाचला. मराठी चार आणि इंग्रजी आठ यांचंही तसंच होतं. दुसऱ्याने नऊच आकडे लिहिले होते.

सोमवार, १२ जानेवारी

सकाळी साडेदहाला बायकोचा फोन. "अरे, गॅसच्या सिमवर कोणीतरी विचारतंय, डोंबिवली ईस्टला टू बीएचके बघताय ना म्हणून. हा दुसरा फोन आहे." आधी उलगडाच होईना. मग वहीची पहिली ओळ आठवली.

काल "गिऱ्हाईक" म्हणून आलेला एक जण दारातच बराच वेळ फोनवर होता, स्टुलाजवळ. त्याने पानाचा फोटो काढला असणार. गेटवरच्या वहीतून नंबर गेले असते तर गॅसचं सिम त्यात नव्हतंच. म्हणजे गळती माझ्याच वहीतून. संध्याकाळपर्यंत आलेल्यांपैकी चौघांचे मला फोन: "तुम्ही आमचा नंबर एजंटांना दिलात का?" एक बाई नीट बोलल्या, पण म्हणाल्या, "आता मला तुमच्याही फ्लॅटचा फोन नको." त्या खरंच घेण्यासारख्या होत्या. बाल्कनीच्या जाळीची मापं घेऊन गेल्या होत्या.

पानाखालच्या त्या एका वाक्याने मी सतरा जणांची 'संमती' गोळा केली होती. कशाची, ते त्यांना माहीत नव्हतं. मावसभावाला लिस्ट द्यायचं आतापर्यंत बाकीच होतं. दिली नाही.

रात्री सगळ्यांना एकेक मेसेज केला. काल वही उघडी राहिली, त्यातून नंबर बाहेर गेले, चूक माझी. हा नंबर मी कुणाला दिलेला नाही, नको असेल तर "नको" एवढंच लिहा, लगेच पुसतो. पाच "नको" आले. पाचही त्याच रात्री फोनमधून काढले आणि वहीत काळ्या मार्करने झाकले. मार्करच्या आरपार वाचता येतं, म्हणून शेवटी ते पानच फाडलं. यात दीड तास गेला.

मंगळवार, १३ जानेवारी

कायदा काय म्हणतो ते बायकोने वाचून काढलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीची मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. कागदावर घेतलेली माहिती नंतर फोनमध्ये किंवा एक्सेलमध्ये चढवली की तीही त्यात येते. स्वतःच्या घरगुती कामाला सूट आहे, पण मावसभावाचा तो धंदा आहे, म्हणून लिस्ट त्याच्याकडे गेली की सूटबिट राहत नाही. आमच्या कामाची गोष्ट एवढीच: कशासाठी ते आधी सांगायचं, तेवढ्यापुरतंच घ्यायचं, खूण माणसाने स्वतः करायची, आणि नाही म्हणणं हो म्हणण्याइतकंच सोपं हवं. "सही म्हणजे संमती समजले जाईल" यातलं काहीच करत नाही.

मावसभाऊ थोडा खट्टू झाला. "एवढं काय, सगळे देतात." त्याच्यासाठी वेगळा चौकोन ठेवतो म्हटलं. ज्याने खूण केली त्याचाच नंबर देणार. तो म्हणाला, "मग कोण करणार खूण?" बघू.

शुक्रवार, १६ जानेवारी

वहीऐवजी सुट्या चिठ्ठ्या करायचं ठरलं. एका माणसाची एक चिठ्ठी, भरली की डब्यात. देणगीच्या पावतीपुस्तकासारखी, डावीकडे छोटा तुकडा जो येणाऱ्याने घेऊन जायचा. प्रेसवाल्याकडे गेलो होतो. १४ ला संक्रांत, १५ ला मतदानाची सुट्टी, "सोमवारी देतो" म्हणाला. मला शनिवारी हव्या. रविवारी अमावास्या आहे, त्या दिवशी घर बघायला निम्मे लोक येणार नाहीत.

म्हणून घरीच. ए-फोरच्या एका पानावर तीन चिठ्ठ्या बसवल्या, दहा पानं झेरॉक्स केली, वीस रुपये. फाडायच्या रेघेसाठी आत्याचं शिलाई मशीन कामाला आलं. ते अजून फ्लॅटमध्येच आहे. दोरा काढून टाकायचा आणि रेघेवरून कागद नुसता चालवायचा. पहिल्यांदा टाका बारीक ठेवला तर कागद हातात घेताच आपोआप दोन तुकडे झाला. टाका सर्वांत मोठा केला आणि दोन-दोन पानं एकदम घातली, तेव्हा पावतीसारखं टर्रकन फाटायला लागलं. सुई मात्र बोथट होते, जुनीच लावा. आत्याला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, मशीनला तेल घाल आधी."

चिठ्ठीवरचा मजकूर हा, तसाच्या तसा:

> चिठ्ठी क्र. ____
> नाव: ____________
> मोबाइल (इंग्रजी आकड्यांत): ▢▢▢▢▢ ▢▢▢▢▢
>
> ▢ या फ्लॅटबद्दल मला फोन केला तर चालेल. वेळ: ____
> ▢ या फ्लॅटबद्दल व्हॉट्सअ‍ॅप चालेल.
> ▢ माझा नंबर तुमच्या ओळखीच्या एजंटला, दुसऱ्या फ्लॅटसाठी, दिला तर चालेल.
>
> माझा एक प्रश्न / मला हा कागद पाहायचा आहे: ____________
>
> नंबर न देताही फ्लॅट पाहता येईल. ही चिठ्ठी १५ फेब्रुवारीला फाडली जाईल. आधी काढून टाकायची असेल तर "नको" एवढा मेसेज करा.

डाव्या तुकड्यावर माझं नाव, माझा नंबर, फ्लॅटचा पत्ता आणि तोच चिठ्ठी क्रमांक. अकरा रकान्यांतले नाव आणि मोबाइल हे दोनच राहिले. बजेट काढून टाकलं, कारण भाव जाहिरातीत लिहिलेलाच आहे. जो आला तो तो वाचूनच आला. सगळे चौकोन कोरे. आधी फोनच्या चौकोनात छापील खूण ठेवली होती, ती बायकोने पुसायला लावली.

शनिवार, १७ जानेवारी. दुसरं ओपन हाउस, ४ ते ७

या वेळी टेबल दारात ठेवलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, म्हणजे घर बघून परत निघताना लागेल असं. चहाचा थर्मास तिथेच. दोन पेनं. लाडवाच्या रिकाम्या खोक्याला वर चीर पाडून डबा केला. बायको टेबलाशी, मी खोल्या दाखवायला.

फरक लगेच कळला. आत येताना माणूस नंबर द्यायला कचरतो, कारण घर आवडेल की नाही हेच त्याला माहीत नसतं. जाताना ज्याला आवडलंय तो स्वतःहून चिठ्ठी मागतो. ज्याला नाही आवडलं तो चहा पिऊन जातो, आणि त्याचा नंबर घेऊन मी करणार तरी काय होतो?

चौदा कुटुंबं आली. बारा चिठ्ठ्या भरल्या, दोघांनी नाही भरल्या. बारापैकी सात जणांनी फोनला खूण केली, चौघांनी फक्त व्हॉट्सअ‍ॅपला, एका चिठ्ठीवर नुसतं नाव. तिसऱ्या चौकोनात, मावसभावाच्या, तीन खुणा. सतरा सह्यांच्या जागी तीन, पण या तिघांना आपण काय दिलंय ते माहीत होतं.

बायको प्रत्येकाचा नंबर चिठ्ठी डब्यात जायच्या आधी मोठ्याने न म्हणता बोट ठेवून त्यालाच दाखवायची, "हा सातच ना?" एका ठिकाणी सात नव्हे, एकचा आकडा निघाला. बाकी दहा चौकोनांमुळे आकडा सुटला नाही.

गेटवरची वही मात्र माझ्या हातात नाही. वॉचमनला विनंती केली, की नोंद झाली की वही मिटून ठेव आणि मोबाइलच्या रकान्यात आग्रह करू नको. त्याने पहिला तासभर पाळलं.

त्याच रात्री

मेसेज एकेकाला, हाताने. अकरा मेसेजना चाळीस मिनिटं. प्रत्येकात पहिल्या ओळीत कुठे भेटलो ते, मग त्याने चिठ्ठीवर लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर, शेवटी "नको"ची ओळ. 'माझा एक प्रश्न' हा रकाना मी सहज टाकला होता, पण सगळ्यात कामाचा तोच निघाला. त्यामुळे मेसेज करायला कारण मिळतं. "काय ठरलं मग?" असं विचारायची वेळच येत नाही. कुणाला पार्किंगचं, कुणाला महिन्याच्या मेंटेनन्सचं, एकाला पाणी किती वाजता येतं ते.

चिठ्ठी क्रमांक ४ मुलुंडच्या जोडप्याची. फक्त व्हॉट्सअ‍ॅपला खूण. प्रश्न: "शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर? मुलांचं हक्कसोड पत्र रजिस्टर आहे का?" म्हणजे घरात आत्याच्या यजमानांचा, आमच्या काकांचा, फोटो पाहून त्यांनी बरोबर ओळखलं होतं. फ्लॅट मूळ काकांच्या नावावर, ते गेल्यावर दोन्ही मुलांनी आत्याच्या नावे हक्कसोड पत्र करून दिलं. नुसतं नॉमिनेशन असतं तर त्यांना कर्ज देणारी बँक अडली असती. पत्र नोंदणीकृत आहे हे मला माहीत होतं, पण कागद आत्याच्या नाशिकच्या लॉकरमध्ये. "बुधवारपर्यंत पाठवतो" असं लिहिलं. तारीख दिल्यामुळे मधे पुन्हा मेसेज करावा लागला नाही.

मंगळवार, २० जानेवारी

पौष संपला. दोन चिठ्ठ्यांवर वेळेच्या जागी "पौषानंतर" असंच लिहिलेलं होतं. आधी फोन केला असता तर "बघतो" ऐकून परतलो असतो. दोघांशी आज नीट बोलणं झालं. एकाचा भाव जुळला नाही, एक पुन्हा येतो म्हणाला.

आणि चूकही आजच झाली. चिठ्ठ्यांवरून एक्सेल केली होती, त्यात नाव, नंबर, प्रश्न उतरवले, पण खुणांचे रकाने उतरवायला विसरलो. यादी खालून वर फोन करत गेलो आणि चिठ्ठी ११ ला फोन लागला. त्यांनी फक्त व्हॉट्सअ‍ॅप म्हटलं होतं. पलीकडून दबक्या आवाजात, "अहो, मी वर्गात आहे, म्हणूनच फोन नको लिहिलं होतं." शिक्षिका होत्या. माफी मागितली. त्यांनी नंतर उत्तर दिलं नाही, आणि मीही पुन्हा लिहिलं नाही.

एक्सेल उडवली. आता दोन मोठे क्लिप: फोनच्या चिठ्ठ्या एकात, फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या दुसऱ्यात. फोन करायला बसताना दुसरा क्लिप कपाटात. बारा नावांना एक्सेल लागतच नव्हती.

मावसभावाला तीन चिठ्ठ्यांवरचे नंबर दिले, त्या चौकोनाच्या फोटोसकट.

बुधवार, २१ ते रविवार, २५ जानेवारी

आत्येभावाने लॉकरमधून कागद काढून बुधवारी रात्री फोटो पाठवले. क्रमांक ४ ला पाठवण्याआधी आत्याला विचारलं, कारण त्यावर तिचा आणि दोन्ही आत्येभावांचा पॅन आहे. पॅनवर कागदाची पट्टी ठेवून पुन्हा फोटो काढले. दस्त क्रमांक आणि तारीख उघडी ठेवली, म्हणजे त्यांना इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या नोंदणीचा उतारा, काढून पडताळता येईल.

गुरुवारी माघी गणेश जयंती. त्या दिवशी क्रमांक ४ चा मेसेज: "शनिवारी आईबाबांना घेऊन येतो. फोन केला तरी चालेल." मी चिठ्ठीवर तारीख घालून तसं लिहून ठेवलं आणि पहिल्या क्लिपमध्ये लावली. शनिवारी ते आले, रविवारी टोकन दिलं. भाव आत्याने फोनवर ठरवला, त्यात मी पडलो नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

बाकीच्यांना शेवटचा मेसेज, दहाव्या दिवशी: व्यवहार ठरला, आता माझ्याकडून संपर्क होणार नाही. कार्यक्रम असा ठरला होता: त्याच रात्री प्रश्नाचं उत्तर, तिसऱ्या दिवशी ज्याने सांगितलंय त्याला एक फोन, दहाव्या दिवशी शेवटचा मेसेज. चौथी पायरी नाही. शिक्षिकेला हा मेसेजही केला नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

अकरा चिठ्ठ्या फाडून बादलीत भिजवल्या. क्रमांक ४ ची वेगळी, त्यांचा तपशील आता करारातच आहे. चिठ्ठीचे फोटो, चॅट, सेव्ह केलेले नंबर पुसले. फोटो गॅलरीतल्या 'नुकतेच हटवलेले'मध्येही राहतात, तिथूनही काढले. खर्च एकंदर: वही ६०, झेरॉक्स २०, पेनं आणि क्लिप ९०, चहा-साखर-दूध २४०. वही आता वाण्याच्या हिशेबाला लावलीय.

संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन. "मी सात नंबरची चिठ्ठी." कोण ते मला आठवेना, आणि बघायला चिठ्ठीही राहिली नव्हती. त्यांच्याकडे मात्र डावा तुकडा होता. "तो फ्लॅट गेला, पण दुसरा एखादा आहे का हो?" तिसऱ्या चौकोनात खूण नसणार, असती तर मावसभावानेच त्यांना गाठलं असतं. मावसभावाचा नंबर त्यांना दिला आणि म्हटलं, वाटलं तर तुम्हीच करा.

मग मावसभावाला कळवलं, सात नंबरचा फोन येईल कदाचित. तो म्हणाला, "नाव काय?" म्हटलं, माहीत नाही.